उत्तर किती पटीने चुकलं?

कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये घरच्यांचे फोटो कमी आणि पुस्तकाच्या पानांचे जास्त असतात. रात्री जेवणं आटोपली की ते यायला लागतात. काही तिरके, काहींवर फोन धरलेल्या हाताची सावली, काहींत पानाची एक कड गायब. सोबत एखादं वाक्य असतं. ‘सर, हे कसं करायचं?’ किंवा ‘सर, उत्तर जमत नाही.’ ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्यात न्यूमेरिकल सोडवून दाखवायचं असतं. दुसऱ्यात मुलाने नेमकं काय केलं असेल, हे त्याच्या चुकलेल्या उत्तरावरून ओळखायचं असतं. मला दुसरं काम जास्त आवडतं. त्यातलं एक इथे पायरीपायरीने सांगतो.

अकरावीच्या एका विद्यार्थिनीने इलॅस्टिसिटीच्या धड्यातल्या एका गणिताचा फोटो पाठवला होता. पुस्तक जुन्या वळणाचं गाइड होतं. गणित साधं. २ मीटर लांब आणि ०.८ मिलीमीटर व्यासाची पोलादी तार वरच्या टोकाला घट्ट बसवली आहे. खालच्या टोकाला ५ किलोग्रॅमचं वजन टांगलं तर तारेची लांबी किती वाढेल? पोलादाचा यंग्ज मोड्युलस दिलेला, आणि शेवटी उत्तर छापलेलं, ०.९७५ मिलीमीटर. खाली तिचा मेसेज होता: ‘सर, माझं 2.49 × 10⁻⁵ m येतंय. तीनदा केलं.’

फोटोवरून गणित सोडवताना सूत्राच्या आधी वाचनाचा प्रश्न येतो. पुस्तक जिथे शिवलेलं असतं तिथे पान आत वळतं, आणि ओळीची शेवटची अक्षरं त्या घळीत जातात. नेमकं तिथेच बहुतेक वेळा एकक किंवा घातांक असतो. छापील ओळीत घातांक हा सगळ्यात बारीक टाइप, आणि त्यातलं ऋण चिन्ह म्हणजे जेमतेम एक रेघ. दशांशचिन्हाचा ठिपका तर कागदावरच्या डागासारखाच दिसतो. या फोटोत मोड्युलसची किंमत ‘2 × 10’ इथपर्यंत स्वच्छ होती. वरचा घातांक ११ की १२ ते कळत नव्हतं, आणि पुढचं एकक घळीत गेलं होतं.

अशा वेळी अंदाजाने एक आकडा धरून पुढे जायचं नाही, असा माझा नियम आहे. पण अंदाज करायचाच नाही, असंही नाही. पोलादाचा यंग्ज मोड्युलस साधारण २ गुणिले १० चा ११ वा घात न्यूटन प्रति चौरस मीटर असतो. जुन्या पुस्तकांत तोच डाइन प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये दिलेला असे. एक न्यूटन म्हणजे १० चा ५ वा घात डाइन आणि एक चौरस मीटर म्हणजे १० चा ४ था घात चौरस सेंटीमीटर, म्हणून त्या एककात आकडा दहापट होतो आणि घातांक १२ दिसतो. म्हणजे घळीत न्यूटन असेल तर वर अकरा हवेत, आणि डाइन असेल तर बारा. दोन्ही वाचनांत पोलाद तेच राहतं. धोका फक्त जोडी फुटली तर आहे: बारा वाचले आणि न्यूटन समजून चाललो, तर पोलाद दहापट ताठ होतं आणि उत्तर दहापट कमी येतं.

तिला दोन गोष्टी मागितल्या. पान तळहाताने सपाट दाबून, फ्लॅश बंद करून, बाजूच्या उजेडात पूर्ण पानाचा पुन्हा फोटो. आणि रफ पानाचा फोटो. पूर्ण पान यासाठी, की अनेक पुस्तकांत g ची किंमत किंवा मोड्युलस स्वाध्यायाच्या डोक्यावर एकदाच दिलेला असतो आणि मुलं फक्त आपल्या गणिताच्या चार ओळी कापून पाठवतात. फोटो येईपर्यंत मी कागद घेतला.

दिलेली माहिती मी नेहमी स्वतःच्या हाताने उतरवून घेतो, प्रत्येक ओळीत एकच राशी आणि तिच्यासोबत तिचं एकक. मूळ एकक आधी आणि मीटर-किलोग्रॅममधलं रूप नंतर, त्याच ओळीत:

```
L = 2 m
D = 0.8 mm,  r = 0.4 mm = 4 × 10⁻⁴ m
M = 5 kg,  F = Mg = 5 × 9.8 = 49 N
Y = 2 × 10¹¹ N/m²
e = ?
```

व्यासाची आणि त्रिज्येची ओळ मुद्दाम जोडीने लिहिलेली आहे. गणितात व्यास देतात तो मुलांना फसवायला नव्हे. प्रयोगशाळेत सर्लच्या उपकरणावर हाच प्रयोग होतो, आणि तिथे तारेची जाडी स्क्रू गेजने मोजतात. स्क्रू गेजच्या दोन जबड्यांत तार धरली की मिळतो तो व्यास. त्रिज्या कुणी मोजत नाही, ती कागदावरच जन्मते. म्हणून ती कागदावर लिहिलीच पाहिजे. ‘मनात अर्धं केलंय सर’ म्हणणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी ते मनातही केलेलं नसतं.

आता सूत्र. यंग्ज मोड्युलस म्हणजे स्ट्रेस भागिले स्ट्रेन. स्ट्रेस म्हणजे बल भागिले तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, आणि स्ट्रेन म्हणजे वाढलेली लांबी भागिले मूळ लांबी. त्यावरून वाढ एका बाजूला घेतली की:

```
e = MgL / (πr²Y)
```

आकडे घालायच्या आधी एककं घालून बघायची. वर न्यूटन गुणिले मीटर. खाली चौरस मीटर गुणिले न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे नुसता न्यूटन. न्यूटन न्यूटनला गेला, मीटर उरला. लांबी विचारली आहे आणि मीटर आला, तेव्हा सूत्र उलटंपालटं झालेलं नाही एवढं नक्की. मोड्युलस चुकून वर गेला असता तर इथेच मीटरऐवजी न्यूटन आणि मीटर यांची खिचडी दिसली असती.

मग आकडे, पण एककाला कंसाबाहेर न ठेवता:

```
r² = (4 × 10⁻⁴ m)² = 16 × 10⁻⁸ m²
e  = (49 N × 2 m) / (3.142 × 16 × 10⁻⁸ m² × 2 × 10¹¹ N/m²)
   = 98 / (100.5 × 10³) m
   = 0.975 × 10⁻³ m = 0.975 mm
```

एकक कंसात घेण्याला कारण आहे. मुलं ०.४ मिलीमीटरचा वर्ग करून ०.१६ चौरस मिलीमीटर काढतात आणि मग सवयीने मिलीमीटरसाठी १० चा उणे ३ वा घात लावतात. वर्ग आकड्याचा होतो, एककाचा राहून जातो. गंमत अशी की पुढे ती ‘m²’ असंच लिहितात, त्यामुळे एककांचा ताळा बिनचूक जमतो. चूक एककाच्या नावात नसून त्याच्या किमतीत असते. ती पकडायची तर मधलं क्षेत्रफळ डोळ्यांसमोर आणावं लागतं. तसं केल्यावर तारेचा छेद पाच चौरस सेंटीमीटरचा निघतो, म्हणजे अडीच सेंटीमीटर जाडीची कांब. आपण तर मिलीमीटरहून बारीक तारेबद्दल बोलत होतो.

शेवटचा भागाकार. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ९८ ला १००.५ ने भागायचं आहे, तेव्हा टेबल उघडायच्या आधीच कळतं की उत्तर एकाच्या जरासं अलीकडे असणार. हे आधी लिहून ठेवायचं. कारण लॉगमध्ये १.९९१२ मधून २.००२२ वजा करताना उत्तर ऋण येतं, ते वन बार पॉइंट ९८९० असं लिहावं लागतं, आणि इथे पुष्कळ मुलं उलटी वजाबाकी करून ०.०११० चा अँटिलॉग बघतात. तो १.०२६ येतो. खऱ्या उत्तरापासून इतका जवळ, की कुणाला शंकाही येत नाही. ‘एकाच्या अलीकडे’ ही आधी लिहिलेली दोन शब्दांची नोंदच त्याला अडवते.

माझं उत्तर छापील उत्तराशी जुळलं. आता तिचं उत्तर. रफ पान अजून आलं नव्हतं. मी खऱ्या उत्तराला तिच्या उत्तराने भागलं. ०.९७५ गुणिले १० चा उणे ३ वा घात, भागिले २.४९ गुणिले १० चा उणे ५ वा घात. आलं ३९.२.

चुकलेल्या उत्तरात ते नेमकं किती पटीने चुकलं हाच सगळ्यात बोलका आकडा असतो, कारण नेहमीच्या प्रत्येक चुकीचा गुणक ठरलेला आहे. व्यासालाच त्रिज्या धरलं तर त्रिज्येच्या वर्गात चारपट फरक पडतो. g विसरलं तर ९.८ पट. पाय राहिला तर ३.१४ पट. वर्ग मिलीमीटरचं रूपांतर अर्धवट राहिलं तर हजारपट. घातांक एकाने हुकला तर दहापट. गुणोत्तर यांपैकी एखाद्याशी जुळलं की रफ पान उघडायचीही गरज पडत नाही. पण ३९.२ यांतल्या कुठल्याच एका चुकीचा नाही. म्हणजे चुका दोन, आणि त्यांचे गुणक एकमेकांशी गुणले गेलेले.

चार गुणिले ९.८ बरोबर ३९.२. व्यास आणि g.

पण दुसराही संशयित होता. घळीतला घातांक तिने बारा वाचला असेल आणि एकक न्यूटन धरलं असेल, तर चार गुणिले दहा, म्हणजे चाळीस. g ची किंमत दहाच्या इतकी जवळ आहे की g विसरणं आणि घातांक एकाने हुकणं यांची उत्तरं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. पहिल्या शक्यतेत तिचं उत्तर 2.49 × 10⁻⁵ यायला हवं, दुसरीत 2.44 × 10⁻⁵. तिने ते ‘2.5 × 10⁻⁵ च्या आसपास’ असं कळवलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं. तिसरा आकडा तिने लिहिला म्हणून निकाल लागला. खऱ्या तारेच्या मोजणीत या तिसऱ्या आकड्याला फारसा अर्थ नाही. स्क्रू गेज ०.०१ मिलीमीटरपर्यंत वाचतं, ०.८ मध्ये तेवढी चूक म्हणजे सव्वा टक्का, आणि व्यासाचा वर्ग होत असल्याने उत्तरात अडीच टक्के. पण चूक शोधताना तोच आकडा कामाचा ठरतो. म्हणून मुलांना मी सांगतो, शेवटी हवं तितकं पूर्णांकित करा, मला पाठवताना करू नका.

मी तिला लिहिलं, ‘g घेतला नाहीस आणि व्यास अर्धा केला नाहीस. बघ.’ काही वेळाने रफ पान आलं. त्यात ‘F = 5’ होतं आणि खाली ‘r = 0.8 × 10⁻³’. नवा फोटोही आला. घळीत अकरा आणि न्यूटन प्रति चौरस मीटर होतं. ‘सर, तुम्ही वही न बघता कसं ओळखलं?’ असं तिने विचारलं. मी म्हटलं, ‘ते उद्या. आधी सांग, यातली कुठली चूक तुझ्या एककांनी पकडली असती?’

ती दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वही घेऊन आली. तिने रात्रीच करून बघितलं होतं. बलाच्या जागी नुसते ५ लिहिले होते, त्याला एकक नव्हतं. तिथे किलोग्रॅम लिहायला सांगितल्यावर तिने पुढची ओळ माझ्यासमोर केली:

```
kg·m / (m² · N/m²) = kg·m / N
1 N = 1 kg·m/s²
kg·m / N = s²
```

‘सर, लांबी सेकंदाच्या वर्गात येतेय.’

‘मग काय राहिलं?’

‘मीटर प्रति सेकंद वर्ग राहिलं. म्हणजे g.’

एककांच्या ताळ्याची खरी ताकद इथे दिसते. g एकटाच विसरला असता तर उत्तर ०.०९९५ मिलीमीटर आलं असतं. तारेची लांबी मिलीमीटरच्या दहाव्या भागाने वाढली, यात खटकण्यासारखं काही नाही. आकडा पूर्ण गोड दिसतो. एकक मात्र आरडाओरडा करतं, आणि वर काय विसरलं तेही सांगून जातं. बहुतेक मुलं एकक फक्त शेवटच्या उत्तरापुढे लिहितात, कारण ते नसेल तर गुण कापले जातात एवढंच त्यांना माहीत असतं. तिच्या रफ पानावरही सगळ्या ओळी कोऱ्या होत्या आणि शेवटी ‘m’ होता. तो ‘m’ हिशोबातून आलेला नव्हता, प्रश्नात लांबी विचारली म्हणून लावलेला होता. असं लावलेलं एकक काहीच तपासत नाही.

‘आणि दुसरी चूक?’ मी विचारलं.

तिने जरा वेळ घेतला. ‘व्यास पण मीटरमध्ये, त्रिज्या पण मीटरमध्ये. एकक तेच येणार.’

बरोबर. एककांच्या चाळणीची भोकं नेमकी इथे आहेत. दोन, चार, पाय, एक द्वितीयांश यांना एकक नसतं. ते हरवले किंवा जास्तीचे आले तरी ताळा हूं की चूं करत नाही. व्यास-त्रिज्येच्या गोंधळात एकक अगदी बरोबर असतं आणि आकडा चौथाई. तिथे दुसरी तपासणी हवी, आणि ती आकाराची.

मी तिला तिच्या वहीत ०.८ बाजूचा एक चौरस काढायला सांगितला आणि त्यात बसेल असं वर्तुळ. हा तारेचा छेद. चौरसाचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस मिलीमीटर. वर्तुळ चौरसाच्या आत आहे, तेव्हा त्याचं क्षेत्रफळ याहून कमीच असणार. आता तिच्या पद्धतीने, ०.८ ला त्रिज्या धरून, क्षेत्रफळ किती येतं? २.०१. आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ बाहेरच्या चौरसाच्या तिप्पट! तिने स्वतःच त्यावर काट मारली आणि ०.५०३ लिहिलं. ही तपासणी मनातल्या मनात होते: व्यासाचा वर्ग करा, छेद त्याच्या पाऊणपटीहून थोडा जास्त आला पाहिजे. पाय भागिले चार म्हणजे ०.७८५, एवढंच त्यामागे आहे. ज्यांना त्रिज्येचा घोळ वारंवार होतो त्यांना मी क्षेत्रफळ सरळ πD²/4 असंच लिहायला लावतो. मग त्रिज्या जन्मालाच येत नाही.

आकाराची आणखी एक तपासणी शेवटी करायची, स्ट्रेसवरून. ४९ न्यूटनला त्या छेदाने भागलं की सुमारे ९.७५ गुणिले १० चा ७ वा घात न्यूटन प्रति चौरस मीटर येतो. साधं पोलाद याच्या दुपटीहून जास्त स्ट्रेस कायमचं न ताणता सहन करतं, तेव्हा तार इलॅस्टिक मर्यादेत आहे आणि यंग्ज मोड्युलसचं सूत्र इथे वापरणं योग्य आहे. हाच स्ट्रेस मोड्युलसने भागला की स्ट्रेन येतो, दोन हजारात एकाच्या जरा आत. २ मीटर म्हणजे २००० मिलीमीटर; त्यात वाढ एक मिलीमीटरच्या जरा आत. दुसऱ्या वाटेने तेच उत्तर.

ही दुसरी वाट छापील उत्तरच चुकीचं असतं तेव्हा फार उपयोगी पडते. ते असतं कधी कधी. पुस्तकात एक ठिपका सरकला की झालं. मुलं अशा वेळी छापील उत्तर येईपर्यंत आकडे पिळत बसतात आणि कुठेतरी मुद्दाम एक चूक घालून ते आणतातही. माझा क्रम ठरलेला आहे. आपल्या आणि छापील उत्तराचं गुणोत्तर काढायचं. ते चार, ९.८, ३.१४ किंवा त्यांचा गुणाकार असेल तर चूक बहुधा आपली, परत वहीत जायचं. ते नेमकं दहा किंवा शंभर असेल तर माहितीतला घातांक आणि एकक पुस्तकातच पुन्हा वाचायचं, फोटोत नाही. आणि गुणोत्तर कशाचंच नसेल, एककं प्रत्येक ओळीत जुळत असतील, स्ट्रेस-स्ट्रेनच्या वाटेनेही आपलंच उत्तर येत असेल, तर पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने आपलं उत्तर लिहून पुढच्या गणिताकडे वळायचं.

त्या विद्यार्थिनीचे फोटो अजूनही येतात. आता त्यांत पूर्ण पान असतं, शेजारी रफ पान, आणि मेसेजमध्ये एक ओळ जास्तीची. परवा आली तिच्यात लिहिलं होतं: ‘सर, उत्तर पुस्तकापेक्षा १.५७ पट जास्त येतंय. पाय भागिले दोन आहे का?’ होतं. तिनेच शोधून काढलं.